स्प्रिंग रोल तेलकट होतो तो पाण्यामुळे

शांघायमध्ये नव्या चांद्रवर्षाच्या सणाला स्प्रिंग रोल तळतात आणि त्या दिवसांत तिथल्या बाजारात पाऱ्या करणारे कारागीर दिसतात. त्यांच्या हातात मैद्याचा सैल, चिकट, सतत ओघळू पाहणारा गोळा असतो. तो तापलेल्या तव्यावर क्षणभर टेकवून ते फिरवतात आणि उचलतात. तव्यावर राहतो तो फक्त एक पातळ पापुद्रा. काही सेकंदांत त्याच्या कडा सुटतात आणि पारी तयार होते. आपल्याकडे दुकानातल्या फ्रीजरमध्ये स्प्रिंग रोल शीट म्हणून मिळणारी चौकोनी पाकिटं याच जातीची असतात. ही पारी कच्ची नसते, तव्यावर एकदा शिजलेली असते, आणि तळताना जे काही घडतं त्याचा उलगडा इथूनच होतो.

पुरी फुगते, कारण तिच्या ओल्या कणकेतल्या पाण्याची तेलात वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. रोलवर येणारे फोड म्हणजे अशाच छोट्या छोट्या पुऱ्या. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत मिळणारा एग रोल कच्च्या, जाडसर पारीचा असतो. तो फोडांनी भरलेला असतो आणि खाणाऱ्यांना तो तसाच हवा असतो. व्हिएतनाममधला तांदळाच्या कागदाचा रोलही फोडांसह चांगलाच मानला जातो. शिजलेल्या मैद्याच्या पारीत मात्र मुळातच पाणी कमी असतं. तिच्यावर फोड आले, तर पाणी बाहेरून आलेलं असतं किंवा तेल फार तापलेलं असतं.

बाहेरून म्हणजे कुठून? बहुतेक वेळा सारणातून. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि मीठ पडलं की तो ते सोडू लागतो. दहा-बारा रोलसाठी पाव किलो कोबी, एक मोठं गाजर आणि मूठभर फरसबी बारीक लांबट चिरून घेऊ. मोठ्या कढईत मोठ्या आचेवर आलं-लसूण परतून त्यात भाज्या घालायच्या आणि दोन-तीन मिनिटांतच उतरवायच्या. मीठ आणि सोया सॉस शेवटी. कढई लहान असेल तर दोन वेळा परतावं, कारण गर्दीत भाजी परतली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते. उतरवण्याआधी दोन चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून त्यात घालावं. सुटलेला रस घट्ट होऊन भाजीला चिकटून राहतो. मग सगळं सारण परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. इथे घाई करू नये असं मी आग्रहानं सांगेन. कोमट सारण पारीत गुंडाळलं तर त्याची वाफ आतून पारी भिजवते आणि असा रोल कढईत जाण्याआधीच बिघडलेला असतो. पसरलेल्या सारणाखाली पाणी साठलेलं दिसलं तर ते निथळून टाकावं.

पाऱ्या वाळू नयेत म्हणून त्यांच्यावर कापड झाकतात. ते घट्ट पिळलेलं हवं. ओल्या कापडाखाली राहिलेल्या पारीवर जिथे जिथे ओल लागली, तिथे तिथे फोड येतो.

आता चिकटवणं. नुसतं पाणी लावून ही पारी धड चिकटत नाही. वाळली की टोक सुटतं. आपण कागद चिकटवायला करतो तशी खळ इथे उत्तम. एक चमचा मैदा तीन-चार चमचे पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन ती दाट आणि थोडी पारदर्शक झाली की झालं. शिजलेली खळ लगेच धरते, ओघळत नाही. मात्र ती बोटानं पातळ फिरवायची. जाड थर लावला तर तिथे फोड येतो किंवा खळ काळी पडते.

पारीला बहुधा एक बाजू गुळगुळीत आणि एक खरबरीत असते. गुळगुळीत बाजू खाली, म्हणजे रोलच्या बाहेर येईल अशी ठेवावी. एक कोपरा आपल्याकडे करून त्याच्या जरा वर दोन मोठे चमचे सारण आडवं ठेवायचं. कोपरा सारणावर घेऊन बोटांनी मागे ओढून घट्ट बसवायचा, म्हणजे आत हवा राहत नाही. एक वळसा झाला की दोन्ही बाजू सरळ आत दुमडायच्या, शेवटच्या त्रिकोणाच्या दोन्ही कडांना खळ लावायची आणि रोल पूर्ण गुंडाळून जोड खाली येईल असा ठेवायचा. आत अडकलेली हवा तापली की फुगते आणि सगळ्यात कच्चा जोड शोधून बाहेर पडते. दुमडलेल्या टोकाशी बारीक भोक राहिलं तरी तेल तिथून आत शिरतं आणि रस तेलात येऊन तडतडतो. रोल तोडल्यावर तेल फक्त टोकाशी दिसलं तर चूक घडीत आहे. सगळी पारीच तेलानं जड झाली असेल तर चूक आचेत आहे.

तेल साधारण १७० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल तर पारीचा एक तुकडा टाकून पाहावा. तो बुडबुड्यांसह लगेच वर यावा, पण लगेच तांबूस होऊ नये. तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे. टाकताक्षणी रंग बदलला तर फार तापलं आहे. अशा तेलात पारीवर फोड उठतात, रंग आधी येतो आणि आतले पदर मऊच राहतात. लिटरभर तेलात एका घाण्याला चार-पाच रोलच सोडावेत. जास्त सोडले की तेल एकदम निवतं. रोल तेलात असताना त्यातून वाफ जोरात बाहेर पडत असते आणि तीच तेलाला आत येऊ देत नाही. तेल निवलं की ही वाफ मंदावते, रंग येईपर्यंत रोल जास्त वेळ ठेवावा लागतो आणि पारी तेल पीत राहते. म्हणून पहिल्या मिनिटात आच थोडी वाढवावी, रोल झाऱ्यानं हलकेच फिरवत राहावे. चार-पाच मिनिटांत एकसारखा सोनेरी रंग येतो. बुडबुडे बरेच कमी झाले म्हणजे पारीतलं पाणी गेलं.

रोल बाहेर काढला म्हणजे काम संपलं असं वाटतं, पण बरंचसं तेल आत जातं ते यानंतरच. पारी निवू लागते, तिच्या छिद्रांतल्या वाफेचं पाणी होतं, तिथे पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. तेव्हा रोल काढतानाच कढईवर काही क्षण उभा धरून निथळवावा आणि मग जाळीवर किंवा चाळणीत उभा ठेवावा. कागदावर एकावर एक रचलेले रोल एकमेकांच्या वाफेनं मऊ पडतात आणि खालचे स्वतःच्याच तेलात बसून राहतात.

भरलेले रोल अर्ध्या तासाहून जास्त ठेवायचे असतील तर ताटात सुटे मांडून फ्रीजरमध्ये घट्ट करावेत, मग डब्यात भरावेत. तळताना ते बाहेर काढून मऊ होऊ देऊ नयेत, कारण बाहेर काढताच पारीवर दव जमतं. वरचा बर्फाचा भुगा कोरड्या फडक्यानं पुसून ते थेट तेलात सोडावेत. एका वेळी दोन-तीनच घ्यावेत आणि आच जरा कमी ठेवून दोन मिनिटं जास्त द्यावीत.