बोटांतल्या मुंग्या, मानेतली नस

वय ४७. पुण्यातल्या एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरी. मार्चअखेरचे तीन आठवडे रोज दहा-अकरा तास लॅपटॉपसमोर गेले आणि एका सकाळी उजव्या हाताच्या मधल्या बोटाला मुंग्या आल्या. दोन दिवसांत त्या खांद्याच्या पाठीमागून दंडाच्या मागच्या बाजूने थेट बोटापर्यंत उतरू लागल्या. रात्री झोप लागेना. हात डोक्यावर ठेवला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. शेजाऱ्यांनी सांगितलं, उशी सोडा. मित्राने सांगितलं, मान गोल गोल फिरवा. कुणी सांगितलं, ट्रॅक्शन लावून घ्या, लगेच मोकळं वाटेल. माझ्याकडे ते आले तेव्हा त्यांच्या हातात एमआरआयचा रिपोर्ट होता आणि मनात एकच धास्ती, ऑपरेशन करावं लागणार का?

फिजिओथेरपिस्ट म्हणून अशा माणसाकडून मी आधी एक गोष्ट समजून घेते : मुंग्या नेमक्या कोणत्या बोटापर्यंत जातात आणि कशाने पुढे-मागे सरकतात. उशी, व्यायाम आणि ट्रॅक्शन या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा तिथेच मिळतात.

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या आजूबाजूने हाताकडे जाणाऱ्या नसा बाहेर पडतात. प्रत्येक नसेसाठी दोन मणक्यांमध्ये बाजूला एक छोटं छिद्र असतं. वय वाढतं तशी मणक्यांमधली चकती सुकते, तिची उंची कमी होते, मणक्यांच्या कडांना हाड वाढतं आणि हे छिद्र अरुंद होतं. मानेचा स्पॉन्डिलोसिस म्हणतात तो हाच बदल. त्यात नस दबली किंवा सुजली की दुखणं हातात उतरतं. अंगठ्यात मुंग्या असतील तर संशय सहाव्या नसेवर जातो, मधल्या बोटात असतील तर सातव्या, करंगळीत असतील तर आठव्या. या गृहस्थांची सातवी नस दबली होती. ती सहाव्या आणि सातव्या मणक्यांच्या मधून बाहेर पडते आणि सर्वांत जास्त वेळा तीच त्रास देते. तिच्यावर कोपर सरळ करणारा दंडाच्या मागचा स्नायू अवलंबून असतो. त्यांना खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठायला सांगितलं तेव्हा उजवा हात थोडा कमी पडला.

ही तपासणी एमआरआयइतकीच महत्त्वाची आहे. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढून पाहिले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ८८ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या, अगदी विशीतल्या बहुतेकांच्यासुद्धा. म्हणून रिपोर्टमधली चकती आणि रोग्याचं बोट यांचा मेळ बसतो का, हे पाहावं लागतं. मधल्या बोटाच्या मुंग्या मनगटात नस दबल्यानेही येतात. पण त्या मुंग्या रात्री उठवतात, हात झटकला की कमी होतात आणि मान हलवल्याने त्यांच्यात फरक पडत नाही. दोन्ही हातांना आणि दोन्ही पायांना मुंग्या असतील तर आधी रक्तातली साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासावं. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता बरीच आढळते.

आता मूळ सूत्र. मान मागे टाकली आणि दुखऱ्या बाजूला कलवली की त्या बाजूचं छिद्र अरुंद होतं. मान किंचित पुढे झुकवली की ते मोकळं होतं. त्यामुळे मुंग्या खांद्याकडून बोटांकडे उतरू लागल्या तर आपण नसेला डिवचतोय, आणि बोटांतून दंडाकडे, दंडातून मानेकडे मागे सरकू लागल्या तर आपण योग्य करतोय. हात हलका होत असताना मान थोडी जास्त दुखली, तरी ते चांगलं लक्षण आहे.

उशीचा प्रश्न या सूत्राने सुटतो. त्यांनी उशी सोडली आणि त्रास वाढला, कारण बसून बसून पाठीचा वरचा भाग थोडा गोल झाला होता. असा माणूस उशीशिवाय उताणा झोपला की डोकं मागे पडतं, हनुवटी छताकडे जाते आणि छिद्र अरुंद होतं. उताणं झोपताना कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत राहतील इतकी उशी हवी. डोकं टेकल्यावर सहा-आठ सेंटिमीटर उंची बहुतेकांना पुरते. कुशीवर झोपणाऱ्याला जास्त उंची लागते, कारण खांद्याच्या कडेपासून कानापर्यंतचं अंतर भरून काढायचं असतं. उजव्या कुशीवर झोपून उशी फार बुटकी असेल तर मान उजवीकडे लोंबते, आणि डाव्या कुशीवर झोपून फार उंच असेल तरी ती उजवीकडेच वाकते. त्यांचा उजवा हात दुखत होता, म्हणून दोन्ही चुका त्यांना सारख्याच महाग पडल्या असत्या. घरच्या कापसाच्या उशीच्या अभ्र्यात खालच्या कडेला हाताच्या टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी घातली, म्हणजे मानेच्या पोकळीला आधार मिळाला. महागडी उशी घ्यावी लागली नाही. पोटावर झोपणं मात्र बंद केलं, कारण त्यात मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते.

ऑफिसातला दोष चष्म्यात सापडला. ते प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरत. जवळचं दिसण्याचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो, त्यामुळे स्क्रीन वाचायला ते नकळत हनुवटी वर करून मान मागे टाकत. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर आणा, हा सल्ला अशा माणसाला उलटा लागू पडतो. आम्ही त्यांचा मॉनिटर उंच करण्याऐवजी थोडा खाली घेतला आणि कामाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यायला सांगितलं. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून बोलणं सोडलं. दर अर्ध्या तासाने उठून मिनिटभर चालायचं, हे ठरवलं.

व्यायाम पहिल्या दोन आठवड्यांत दोनच दिले. पहिला हनुवटी मागे घेण्याचा. ताठ बसायचं, नजर समोर, आणि हनुवटी वर किंवा खाली न करता सरळ मागे न्यायची, गळ्यापाशी दुहेरी हनुवटी दिसेल इतकी. दोन-तीन सेकंद थांबून सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. दुसरा खांद्याच्या फऱ्यांचा. खांदे न उचलता दोन्ही फरे पाठीमागे जवळ आणायचे, पाच सेकंद धरायचे, दहा वेळा. हात शांत झाल्यावर कपाळावर तळवा ठेवून, डोकं न हलवता, हलक्या जोराने पाच सेकंद रेटा द्यायचा व्यायाम जोडला. मग तसाच दोन्ही बाजूंना आणि मागे. पुढे रबरी पट्टा ओढून पाठीचे आणि दंडाचे स्नायू बळकट केले. मान गोल फिरवणं सुरुवातीला पूर्ण बंद ठेवलं, कारण त्या फेरीत मान मागे आणि बाजूला एकाच वेळी जाते. सलूनमध्ये मान कटकन मोडून घेणं तर कधीच करू नये. त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत.

ट्रॅक्शन म्हणजे डोकं वरच्या दिशेने ओढून छिद्रं तात्पुरती मोकळी करणं. त्याने हाड विरघळत नाही आणि चकती कायमची जागेवर बसत नाही. उपयोग कुणाला होईल याचा अंदाज हातांनी घेता येतो. रोग्याला उताणं झोपवून, डोकं दोन्ही हातांत धरून हळूच ओढायचं. तेवढ्याने मुंग्या कमी झाल्या तर यंत्राने फायदा होण्याची शक्यता जास्त. या गृहस्थांच्या मुंग्या बोटातून कोपरापर्यंत मागे आल्या. म्हणून मान साधारण १५ ते २० अंश पुढे झुकवून, चार-पाच किलोपासून सुरुवात करून, थांबून थांबून ओढणारं ट्रॅक्शन पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा दिलं. पाच-सहा बैठकांत फरक पडला नाही तर ते थांबवायचं, हे आधीच ठरलं होतं. ट्रॅक्शनबद्दलचे पुरावे समिश्र आहेत. २००९च्या एका चाचणीत व्यायामाच्या जोडीला ते देऊन काहीच जास्त लाभ दिसला नाही. २०१४च्या दुसऱ्या चाचणीत ८६ रोग्यांपैकी ज्यांना व्यायामासोबत यंत्राचं ट्रॅक्शन मिळालं त्यांना सहा महिन्यांनंतर जास्त फायदा दिसला. म्हणजे व्यायामाशिवाय नुसत्या ट्रॅक्शनवर विसंबू नये. दाराला लटकवून घरी वापरायचा संच तपासणीआधी आणू नये. आमवात, ठिसूळ हाडं, मार लागलेली मान, कर्करोग किंवा मज्जारज्जूवर दाब असेल तर ट्रॅक्शनच धोक्याचं ठरतं.

मज्जारज्जूवरचा दाब घरीही ओळखता येतो. शर्टाची बटणं लावायला जड जाणं, अक्षर बिघडणं, चालताना तोल जाणं, मान वाकवल्यावर पाठीतून पायांपर्यंत वीज गेल्यासारखं वाटणं, लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून ताबडतोब मणक्याच्या डॉक्टरांना गाठावं. हाताची ताकद दिवसेंदिवस घटत असेल तरीही तसंच. डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर मानेचा विचार न करता थेट रुग्णालयात जावं.

बाकीच्यांना ऑपरेशनची घाई नसते. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरातल्या अशा ५६१ रोग्यांची पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे चौघांपैकी एकाचं ऑपरेशन झालं, आणि शेवटच्या तपासणीत ९० टक्के लोकांना त्रास उरला नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. गळ्याचा पट्टा पहिल्या तीन ते सहा आठवड्यांत दुखणं कमी करू शकतो. त्यानंतरही तो चढवून ठेवला तर मानेचे स्नायू दुबळे होतात.

या गृहस्थांचं रात्रीचं दुखणं तिसऱ्या आठवड्यात गेलं. दहाव्या आठवड्यात उजव्या हाताचा रेटा डाव्याइतका झाला. बोटाच्या टोकाचा बधिरपणा मात्र त्यानंतरही काही महिने राहिला, आणि तो पाहून त्यांना वाटलं की उपचार फसले. नस सावरते ती बहुधा याच क्रमाने : आधी दुखणं, मग ताकद, सर्वांत शेवटी संवेदना. ताकद टिकून असेल आणि बधिरपणा पसरत नसेल, तर बोटाच्या टोकापुरता उरलेला तो डाग ऑपरेशनचं कारण ठरत नाही.