नेट आपलंच गेलंय की इमारतीचं?

जूनमधला रविवार, संध्याकाळचे सात. डोंबिवलीतली आमची चार मजली, सोळा घरांची इमारत. दिवे, पंखे, फ्रिज सगळं चालू, पण नेट बंद. मोबाइल वायफायला जोडलेला दिसत होता, पानं मात्र उघडत नव्हती. याचा अर्थ घरातला राउटर ठीक होता, अडचण त्याच्या पलीकडे होती.

आमच्याकडे केबल ब्रॉडबँड आहे. टीव्हीची जी काळी गोल केबल घरात येते, तिच्यातूनच इंटरनेटही येतं. केबल एका छोट्या डबीत दुभंगते. एक टोक सेट-टॉप बॉक्सला जातं, दुसरं मोडेमला. मोडेमवरचा Online हा दिवा एरवी स्थिर असतो. त्या दिवशी तो विझला होता आणि DS नावाचा दिवा लुकलुकत होता. मोडेम येणारा सिग्नल शोधतोय आणि त्याला तो सापडत नाहीये, असं त्यातून कळतं. टीव्ही लावला, तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. दोन्ही एकदम गेले, म्हणजे बिलाची मुदत संपली किंवा मोडेम बिघडला, या दोन शंका तिथेच मागे पडल्या.

पुढची पायरी जिन्यात होती. केबलचं जाळं झाडासारखं असतं. ऑपरेटरच्या ऑफिसातून फायबर गल्लीतल्या एका पेटीपर्यंत येते. तिथून काळी केबल निघते आणि इमारतीत ॲम्प्लिफायरला मिळते. तो सिग्नलची ताकद वाढवतो, मग तो मजल्यामजल्यावरच्या डब्यांतून घरोघरी वाटला जातो. त्यामुळे कोणकोणाचं बंद आहे, यावरून बिघाड झाडाच्या कुठल्या फांदीवर आहे ते समजतं. एकट्याचंच बंद असेल तर दोष घरातल्या वायरीत किंवा मोडेममध्ये. एका मजल्याचं बंद असेल तर त्या मजल्यावरच्या डबीत. अख्ख्या इमारतीचं गेलं असेल तर ॲम्प्लिफायर किंवा त्याच्याकडे येणारी लाइन, आणि गल्लीच अंधारात असेल तर पेटी किंवा फायबर.

विचारताना मात्र एक गफलत हमखास होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, ‘‘काकू, तुमचं नेट चालू आहे का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘हो, चालू आहे की, आत्ताच मुलीशी व्हिडिओवर बोलले.’’ मी जवळजवळ परत फिरलो होतो. मग वाटलं, फोन बघू या. वायफायवर नेट मिळत नाही म्हटल्यावर त्यांचा फोन आपोआप मोबाइल डेटावर गेला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून ‘नेट चालू आहे का’ असं विचारण्यापेक्षा ‘टीव्ही लागतोय का, मोडेमचा दिवा कसा आहे’ असं विचारावं. शिवाय त्या घरात जोडणी कोणाची आहे तेही विचारावं. आमच्या शेजारच्यांचं व्यवस्थित चालू होतं, पण त्यांची लाइन वेगळ्या कंपनीची, वेगळ्या फायबरवरून आलेली. त्यांच्या उत्तरावरून आमच्या केबलबद्दल काहीच ठरत नव्हतं.

पंधरा मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. याच ऑपरेटरची अकरा घरं, चारही मजल्यांवर, सगळ्यांचा टीव्ही आणि नेट दोन्ही बंद, साधारण पावणेसातपासून. हेच मी ऑपरेटरला फोनवर सांगितलं. एका घराची तक्रार त्याच्याकडे उद्याच्या यादीत जाते. ‘अकरा घरं, चार मजले, टीव्हीसकट, इमारतीत लाइट आहे’ असं सांगितलं की तो त्याच क्षणी मुख्य लाइनचा विचार करतो. त्याने दोनच प्रश्न विचारले, ‘‘जिन्यातल्या ॲम्प्लिफायरचा दिवा लागलाय का? आणि समोरच्या बिल्डिंगला लाइट आहे का?’’

ॲम्प्लिफायर बंद होता. समोरची इमारतही अंधारात होती, तिथे मीटरचं काम चाललं होतं. आमचा ॲम्प्लिफायर आमच्या इमारतीच्या विजेवर चालतच नव्हता. अशा जाळ्यात पुष्कळदा वीज केबलमधूनच पुढे पाठवतात, साधारण साठ व्होल्ट, आणि ती देणारा पॉवर सप्लाय दुसऱ्याच एखाद्या इमारतीत बसवलेला असतो. आमचा समोर होता. आमच्याकडचं काहीच बिघडलेलं नव्हतं. (याच कारणासाठी जिन्यातली पेटी आपण उघडू नये. त्यातली केबल नुसत्या सिग्नलची नसते, आणि पावसाळ्यात भिंत ओली असते.)

पण तोवर इमारतीत दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेटचं बटण दाबून धरलं होतं. मोडेम किंवा राउटर स्विचवरून बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं निराळं, त्याने काही पुसलं जात नाही. टाचणीच्या रिसेटने मात्र ऑपरेटरने भरून दिलेली सेटिंग, वायफायचं नाव, पासवर्ड, सगळं जातं.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाने मजल्यावरची डबी उघडून दोन पिना काढून पाहिल्या. एक परत बसवली, दुसरी लोंबकळत राहिली, आणि डबीचं तोंड उघडं राहिलं.

साडेआठला समोर वीज आली. आमचे टीव्ही लागले, मोडेमचे दिवे एकेक करून स्थिर झाले. मोडेमला सिग्नल शोधून, ऑपरेटरशी ओळख पटवून पुन्हा उभं राहायला काही मिनिटं लागतात. त्या वेळात तो पुन्हा पुन्हा बंद-चालू केला की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. नेट आलं, पण टिकेना. दर पाच-दहा मिनिटांनी सगळ्यांचंच तुटायचं. टीव्ही मात्र स्वच्छ.

टीव्हीला सिग्नल फक्त यायला लागतो. इंटरनेटला तो परतही जावा लागतो, कारण आपण काय मागतोय ते ऑपरेटरपर्यंत पोचायला हवं. हा परतीचा सिग्नल केबलमधल्या सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सींवरून जातो, आणि मिक्सर, लिफ्टची मोटर, जुना चोक यांचा खरखराट नेमका तिथेच जास्त असतो. केबल घट्ट बंद असेल तर तो बाहेरच राहतो. उघड्या तोंडातून, सैल पिनेतून तो आत शिरतो. त्यात सगळ्या घरांचे परतीचे सिग्नल एकाच केबलमध्ये मिसळतात, त्यामुळे एका घराजवळून शिरलेला खरखराट अकराही घरांचं बोलणं बुडवतो. म्हणून ‘टीव्ही ठीक, सगळ्यांचं नेट तुटतंय’ हे लक्षण ऑपरेटरला आवर्जून सांगावं. ते ऐकून तो लाइनमनला ॲम्प्लिफायरकडे न पाठवता डब्यांकडे पाठवतो.

सोमवारी सकाळी लाइनमन आला. त्याने मजल्यामजल्यावर प्रत्येक पीन हाताने हलवून पाहिली. दुसऱ्या मजल्यावर थांबला, लोंबकळणारी पीन जागेवर बसवून पान्याने आवळली आणि डबीच्या रिकाम्या राहिलेल्या तोंडावर बोटाच्या पेराएवढं धातूचं टोपण चढवलं. त्याला टर्मिनेटर म्हणतात, आत पंच्याहत्तर ओहमचा रेझिस्टर असतो. त्यानंतर माझा Online दिवा दिवसभर हलला नाही. त्याचा मी फोटो काढून ठेवला, पुढच्या वेळी ताडून बघायला.

काकांच्या घरी लाइनमन दुपारी बारा वाजता पोचला. त्यांचं नेट सगळ्यांत शेवटी सुरू झालं.