इमारतीचा ट्रान्सफॉर्मर केवढा असावा?

ऑफिसांच्या मोठ्या इमारतीला वीज सहसा 11 किंवा 22 केव्ही इतक्या उच्चदाबाने मिळते आणि ती 433 व्होल्टवर आणणारा ट्रान्सफॉर्मर इमारतीचा स्वतःचा असतो. वीज कंपनीचे मीटर उच्चदाबाच्या बाजूला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे बसते. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारे प्रत्येक युनिट इमारतीच्याच बिलात येते, महिन्याला हजारभर युनिटे तरी. पण बिलावर त्याचा वेगळा रकाना नसल्याने सोसायटीच्या किंवा कंपनीच्या बैठकीत त्याबद्दल कुणी विचारत नाही.

पुण्यातली एक पाच मजली ऑफिस इमारत डोळ्यांसमोर आणू. आकडे समजायला धरलेले आहेत, पण अशा इमारतीत आढळतात तसेच आहेत. एसी 400 किलोवॉट, दिवे 100, संगणक आणि प्लग पॉइंट 350, लिफ्ट 60, पाण्याचे पंप आणि पंखे 90, आगीसाठीचा पंप 100. बेरीज 1,100 किलोवॉट. हा झाला जोडलेला भार. पुष्कळदा हिशेब इथेच थांबतो. या बेरजेला पॉवर फॅक्टरने भागले की 1,200 केव्हीएच्या आसपास आकडा येतो आणि 1,250 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर मागवला जातो.

पण जोडलेले सगळे एकाच वेळी कधीच चालत नाही. प्लग पॉइंटची क्षमता 350 किलोवॉट असली तरी त्यांतून 140 पेक्षा जास्त क्वचितच ओढले जाते. एसी 320 पर्यंत जातो, दिवे 90, लिफ्ट 30, पंप आणि पंखे 45. आगीचा पंप रोजच्या हिशेबात धरायचाच नाही, कारण तो चालेल तेव्हा एसी बंद केलेला असेल. आता बेरीज 625 वर आली. शिवाय या गटांच्या कमाल मागणीच्या वेळाही वेगवेगळ्या आहेत. लिफ्टची गर्दी सकाळी साडेनऊला, एसीचा जोर दुपारी तीनला, पाणी चढवायचे ते पहाटे. या विखुरलेपणाला डायव्हर्सिटी म्हणतात. इथे तिचा गुणक 1.25 धरला, तर 625 चे 500 किलोवॉट होतात. पॉवर फॅक्टर 0.95 असेल तर इमारतीची खरी कमाल मागणी सुमारे 526 केव्हीए.

हा गुणक पुस्तकातून उचलू नये. शेजारच्या तशाच इमारतीचे वर्षभराचे बिल मिळवावे. त्यावर दर महिन्याची कमाल मागणी छापलेली असते. मे महिन्याचा आकडा आणि इमारतीचे क्षेत्रफळ एवढ्यावरून मिळणारा अंदाज कोणत्याही कोष्टकापेक्षा भरवशाचा असतो.

526 केव्हीएला 630 चा ट्रान्सफॉर्मर पुरतो आणि 1,000 चा ऐसपैस होतो. यातला कोणता घ्यायचा, हे ठरवायला आत वीज कुठे जाते ते पाहावे लागते. ट्रान्सफॉर्मरला दोन प्रकारची गळती असते. एक लोखंडी गाभ्यातली. गाभ्याचे चुंबकत्व सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होत राहते आणि त्यात ऊर्जा खर्च होते. भार असो वा नसो, ती तेवढीच असते आणि वर्षाचे 8,760 तास चालू राहते. दुसरी गळती गुंडाळीच्या तारांतली. ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे भार निम्मा झाला की ती पाव होते.

आता इमारतीचा दिवस बघू. दुपारी दोन तास 500 किलोवॉट, कामाचे बाकी आठ तास 350, उरलेले चौदा तास 60. चार रविवार दिवसभर 60. महिन्याची बेरीज साधारण 1,26,000 युनिटे होते. हीच इमारत सतत 500 किलोवॉटने चालली असती तर 3,60,000 झाली असती. दोन्हींचे गुणोत्तर 35 टक्के, हा लोड फॅक्टर. तारांच्या गळतीसाठी वर्ग करून हिशेब केला, तर ही इमारत महिन्यातले जणू 160 तासच पूर्ण कमाल भारावर असते. गाभ्याची गळती मात्र महिन्याचे 720 तास चालते.

समजा 630 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये गाभ्यात 750 वॉट आणि पूर्ण भारावर तारांत 6,000 वॉट जातात. 1,000 च्यात 1,100 आणि 8,500, तर 1,250 च्यात 1,350 आणि 10,500. मग 630 च्यात महिन्याला गाभ्यात 540 आणि तारांत 670 युनिटे जातात. 1,000 च्यात 790 आणि 375. 1,250 च्यात 970 आणि 300. एकूण गळती अनुक्रमे 1,210, 1,165 आणि 1,270 युनिटे. मोठा ट्रान्सफॉर्मर गार राहतो म्हणून वीज वाचवतो, हा समज इथे टिकत नाही. तारांत वाचलेले तो गाभ्यात गमावतो.

तिन्ही आकडे इतके जवळ आहेत की केवळ गळतीवरून आकार ठरू नये. 630 वर कमाल भार 83 टक्के होतो. मागणी कधीच वाढणार नसेल तर तो उत्तम आणि स्वस्त. पण पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांचे चार्जर येणार असतील, किंवा एखादा भाडेकरू सर्व्हर खोली उभारणार असेल, तर शंभर किलोवॉटमध्येच तो काठोकाठ भरेल. अशा इमारतीला मी 1,000 केव्हीए सुचवेन. 1,250 ला मात्र कोणतेच समर्थन उरत नाही.

खरा पैसा पुढच्या पायरीवर आहे. याच इमारतीत 1,000 केव्हीएसाठी दोन दरपत्रके आली. पहिल्यात गाभ्याची गळती 1,100 वॉट आणि तारांची 8,500. दुसऱ्यात 700 आणि 8,900. पूर्ण भारावर दोन्हींची बेरीज 9,600 वॉट, म्हणून दोन्ही सारखेच वाटतात. पण गाभ्यातला एक वॉट वर्षाला 8.76 युनिटे खातो, तर दरपत्रकातला तारांचा एक वॉट या इमारतीत जेमतेम अर्धे युनिट. म्हणजे सोळापट फरक. दुसरा ट्रान्सफॉर्मर वर्षाला सुमारे 3,290 युनिटे वाचवतो. युनिटला 12 रुपये धरले तर साडेएकोणचाळीस हजार, आणि ट्रान्सफॉर्मर वीस-पंचवीस वर्षे सहज चालतो. तीन पाळ्यांच्या कारखान्यात हे प्रमाण पार बदलेल, कारण तिथे तारा सतत तापलेल्या असतात.

याच कारणाने राखीव ठेवलेला दुसरा ट्रान्सफॉर्मर रिकामा, पण चालू ठेवणे महागात पडते. 630 चा असेल तर महिन्याला 540 युनिटे कशाच्याही कामी न येता जातात. तो बंद ठेवता येतो, मात्र ओल धरू नये म्हणून अधूनमधून चालू करून पाहावा लागतो. इमारतीच्या आत बसवायचा असेल तर तेलाचा चालत नाही, कोरडा घ्यावा लागतो. कोरड्याची गाभ्यातली गळती सहसा जास्त असते, तेव्हा तिथे तर हा आकडा आधी विचारावा. संगणक आणि यूपीएस यांचा विद्युतप्रवाह वेडावाकडा असतो आणि तो तारा जादा तापवतो. असा भार बराच असेल तर थोडी जास्त क्षमता ठेवणे योग्य.

भारतीय मानक आयएस 1180 मध्ये (2014) 50 आणि 100 टक्के भारावरच्या एकूण गळतीच्या मर्यादा दिल्या आहेत, त्यामुळे दरपत्रकातही बहुधा हे दोनच आकडे असतात. त्यांतून दोन्ही गळती वेगळ्या काढता येतात. दोन आकड्यांतला फरक घ्या, त्याला चारने गुणून तीनने भागा. ही तारांची गळती. ती 100 टक्क्यांच्या आकड्यातून वजा केली की गाभ्याची उरते. वरच्या पहिल्या दरपत्रकात 50 टक्के भारावर 3,225 आणि पूर्ण भारावर 9,600 वॉट असते. फरक 6,375, म्हणून तारांचे 8,500 आणि गाभ्याचे 1,100.

तुमच्या इमारतीसाठी ट्रान्सफॉर्मर घ्यायचा असेल, तर खरेदीच्या करारात हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या आणि कारखान्यातल्या चाचणीच्या वेळी आपला माणूस हजर ठेवा.