पट्टीखालून कार्ड जातं का?

घराचं काम काढलेल्या माणसाने मिस्त्रीच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकलेलं असतं: ‘पॉलिशमध्ये जाईल.’ हे वाक्य एकेकाळी खरं होतं. मोझॅक, कोटा, शहाबाद किंवा संगमरवर यांची फरशी जागेवर बसवून मग मशिनने घासली जायची. दोन फरशांमध्ये दीड-दोन मिलिमीटरचा फरक राहिला, तरी घासताना उंच कड खाली यायची आणि सगळं एका पातळीत यायचं. आज बहुतेक घरांत येते ती व्हिट्रिफाइड टाइल. बरीचशी गुजरातेतल्या मोरबीहून येते आणि कारखान्यातूनच गुळगुळीत होऊन येते. तिच्या वरचा चकचकीत थर जागेवर घासला, तर चकाकी जाते, डाग धरणारी सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात आणि तिथे कायमचा धुरकट पट्टा उरतो. म्हणजे बसवताना जी चूक राहिली ती राहिलीच. ती काढायची तर टाइल उचलावी लागते, आणि उचलायला सांगणारा निरोप कंत्राटदाराला कसा पाठवायचा, इथे बहुतेकांची गाडी अडते.

‘भाऊ, हॉलमधलं काम नीट नाही, बघून घ्या’ एवढ्या निरोपाला उत्तरही तेवढंच येतं: ‘बघतो.’ याहून जास्त काम होतं ते दोन खोल्यांच्या फोटोंनी. त्याच घरात, त्याच टाइलने, त्याच कंत्राटदाराच्या माणसांनी एक खोली चांगली बसवली असेल, तर तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. ब्रिटिश मानकात सहा मिलिमीटरपेक्षा अरुंद सांध्यावर दोन टाइलांच्या पातळीत एक मिलिमीटरपर्यंत फरक चालतो आणि दोन मीटर लांबीच्या सरळ पट्टीखाली तीन मिलिमीटरपर्यंत. हे आकडे आपल्याला माहीत असावेत, पण कंत्राटदारासमोर ब्रिटिश मानक काढलं तर तो हसेल. ‘तुमच्याच माणसांनी शेजारच्या खोलीत केलंय तसं’ यावर हसता येत नाही.

मात्र ही तुलना टिकायची तर दोन्ही खोल्यांत कामाखेरीज सगळं सारखं हवं. पुण्यातल्या एखाद्या जुन्या फ्लॅटचं उदाहरण घेऊ. दोन बेडरूम, दोन्ही साधारण दहा बाय बारा फुटांच्या. दोन बाय दोनची टाइल, बॉक्सवरचा शेड क्रमांक एकच, बसवणी दोन्हीकडे सरळ चौकटीत. एका खोलीत सरळ आणि दुसरीत विटांसारखी अर्ध्यावर सरकवून बसवली असती, तर तुलना तिथेच कोसळली असती. मोठी टाइल भाजताना मधोमध किंचित फुगते. अर्ध्यावर सरकवली की एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या कोपऱ्याशेजारी येतो आणि चांगल्या मिस्त्रीच्या हातूनही कड वर राहते. बाथरूम आणि बाल्कनीही तुलनेत घेऊ नयेत, कारण तिथे पाण्यासाठी मुद्दाम ढाळ दिलेला असतो.

आता फोटो. फरशीचा दोष डोळ्यांना दिसतो तो तिरक्या उजेडात, आणि नेमकी इथेच गफलत होते. रस्त्याकडच्या खोलीत सकाळचं ऊन खिडकीतून जमिनीलगत येतं, प्रत्येक उंच कडेची सावली पडते आणि फरशी खडबडीत दिसते. आतल्या खोलीत वरून ट्यूबलाइट पडते, त्यात वाईट कामही सपाट दिसतं. एक फोटो उन्हातला आणि दुसरा ट्यूबखालचा पाठवला, तर कंत्राटदार ‘उजेडाचा फरक आहे’ म्हणेल आणि ते खरंही असू शकेल. म्हणून दोन्ही फोटो संध्याकाळी, पडदे ओढून आणि दिवे बंद करून काढावेत. बॅटरी दोन्ही खोल्यांत भिंतीपासून सारख्याच अंतरावर जमिनीवर आडवी ठेवावी. फोन सारख्याच उंचीवर धरावा, दारातून आतल्या दिशेने. मोबाईलमधली रुंद दिसणारी लेन्स टाळावी. तिच्यात सरळ सांधेही कडेला वाकलेले दिसतात.

टाइल चकचकीत असेल तर आणखी एक फोटो फार बोलका येतो. ट्यूबलाइट लावा आणि फरशीत पडलेल्या तिच्या प्रतिबिंबाचा फोटो काढा. दोन टाइल एका पातळीत असतील तर उजेडाची रेघ सांधा ओलांडून सरळ पुढे जाते. एखादी टाइल तिरकी बसली असेल तर रेघ सांध्यावर तुटते आणि बाजूला सरकून पुढे सुरू होते. ज्याला मिलिमीटर कळत नाही, त्यालाही ही तुटलेली रेघ दिसते.

नुसते फोटो मात्र पुरत नाहीत, एखादं तरी माप हवं. त्यासाठी घरात एक नेमकं साधन असतंच: बँकेचं कार्ड. त्याची ठरलेली जाडी ०.७६ मिलिमीटर असते. स्टीलची सरळ पट्टी उंच टाइलवर सपाट ठेवून सांध्यापलीकडे न्यायची आणि शेजारच्या टाइलवर पट्टीखाली जी फट दिसते तिच्यात कार्ड सरकवायचं. कार्ड गेलंच नाही तर काम उत्तम. एक कार्ड घट्ट गेलं तर सीमेवर. दोन कार्डं एकत्र गेली तर फरक दीड मिलिमीटरहून जास्त आहे, आणि तिथे अनवाणी पायाला कड लागणारच. कार्ड उठावाचे आकडे नसलेलं घ्यावं, नाहीतर माप फुगतं. पट्टीखाली गेलेल्या कार्डांचा जवळून फोटो काढला की वादाला जागा राहत नाही.

आपल्या उदाहरणातल्या रस्त्याकडच्या खोलीत टाइलच्या सहा ओळी आहेत, ओळीत पाच-पाच टाइल. दाराकडच्या तीन ओळींत कार्ड जात नाही. खिडकीकडच्या तीन ओळींत सहा सांध्यांवर दोन कार्डं जातात, आणि सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी ठेवली की मध्ये सहा मिलिमीटरची फट दिसते. दोष असा एका बाजूला गोळा झालेला दिसला की कारणही कळतं. मिस्त्रीने दाराकडून दोरी लावून सुरुवात केली, खिडकीकडे पोहोचेपर्यंत दोरी सैल पडली किंवा काढलीच गेली, आणि पुढच्या टाइल शेजारच्या टाइलकडे बघून ठोकल्या. खालचा माल कुठे जाड, कुठे पातळ राहिला. दोष खोलीभर विखुरलेला असता, तर दोन-चार टाइल बदलून भागलं नसतं, पूर्ण खोली उचलावी लागली असती. मागणी किती करायची ते या नकाशावरून ठरतं.

मग निरोप साधारण असा होतो:

‘नमस्कार भाऊ. सोबत चार फोटो पाठवतोय. पहिले दोन आतल्या बेडरूमचे, पुढचे दोन रस्त्याकडच्या बेडरूमचे. टाइल आणि शेड दोन्हीकडे एकच आहे. फोटो काल संध्याकाळी एकाच बॅटरीच्या उजेडात काढलेत. आतल्या खोलीचं काम आम्हाला पसंत आहे, तिथे पट्टीखाली कार्ड जात नाही. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीकडच्या तीन ओळींत सहा ठिकाणी दोन कार्डं जातात. तिथे खडूने १ ते ६ आकडे घातलेत. सहा फुटी पट्टीखाली सहा एमएमची फट आहे. या तीन ओळी, म्हणजे पंधरा टाइल, उचलून आतल्या खोलीसारख्या बसवून द्या. त्याच शेडचे चार बॉक्स घरात शिल्लक आहेत. शनिवारी सकाळी मिस्त्रींना घेऊन या, समोर बसून ठरवू. तोवर त्या खोलीत ग्राउट आणि स्कर्टिंग करू नका. त्या खोलीचे राहिलेले पैसे काम झालं की त्याच दिवशी देतो.’

या निरोपात तक्रारीआधी पसंती आली आहे, ती गोड बोलण्यासाठी नाही. आतल्या खोलीचं नाव घेऊन ‘तसंच’ म्हटलं, की काम कसं हवं हे ठरून जातं आणि ‘याहून सरळ बसतच नाही’ हे उत्तर बाद होतं. ‘पंधरा टाइल’ म्हटल्याने त्याला मजुरीचा आणि दिवसांचा हिशेब करता येतो. ‘सगळं परत करा’ ऐकलं की माणूस आधी फोन उचलणं बंद करतो. चार बॉक्सचा उल्लेखही मुद्दाम आहे. दोन बाय दोनच्या बॉक्समध्ये बहुधा चार टाइल येतात, म्हणजे सोळा. उचलताना जुन्या फुटणारच. त्याच शेडचा माल बाजारात नंतर मिळेलच असं नाही, आणि नवा किंचित वेगळा आला तर तीन ओळींचा पट्टा कायम डोळ्यांत येईल. टाइलचा खर्च कोणाचा, हे निरोपात नाही. माझ्या मते ते समोरासमोरच काढावं. लिहिलं की आधी त्याच्यावरच भांडण होतं. ग्राउट थांबवायला सांगणं मात्र विसरू नये. सांधे भरले की कड थोडी झाकली जाते, आणि टाइल उचलताना शेजारचीही कड उडते.

उत्तरात बहुधा ‘टाइलच वाकडी आली’ असं येईल. त्याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. शिल्लक टाइलपैकी दोन घेऊन चकचकीत बाजू एकमेकींवर ठेवायच्या. मधोमध टेकून डुगडुगल्या तर खरंच फुगीर आहेत. पण त्याच टाइल आतल्या खोलीत सरळ बसल्या आहेत, त्यामुळे हा मुद्दा फार दूर जात नाही. ‘वरून ठोकून बसवतो’ म्हणाला तर नको म्हणावं. माल ओला असेपर्यंत, म्हणजे बसवल्यावर थोडाच वेळ, टाइल रबरी हातोडीने खाली जाते. माल आवळल्यावर ठोकलं तर ती खाली जात नाही, मालापासून सुटते आणि पोकळ वाजू लागते. पोकळ आवाज फोटोत येत नाही. नाण्याने टकटक करत छोटा व्हिडिओ काढावा, भरीव आणि पोकळ टाइल एकामागून एक वाजवून.

मूळ फोटो फोनमधून पुसू नयेत, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत फोटो लहान होतो आणि काढल्याची वेळ आतून निघून जाते. घर नवं असेल आणि काम बिल्डरचं असेल, तर रेरा कायद्यातल्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवलेला कामातला दोष त्याने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो; तिथेही हेच फोटो आणि हाच निरोप कामी येतो.

नव्याने बसवलेल्या तीन ओळी त्याच कार्डाने तपासाव्यात, पण सगळ्यात आधी तिसऱ्या आणि चौथ्या ओळीमधला सांधा बघावा. जुन्या टाइलची पातळी तिथे ठरलेली असते. नवा माल दाबला की थोडा खाली बसतो, म्हणून जाणता मिस्त्री तो थोडा उंच टाकून मग ठोकून खाली आणतो. घाई झाली तर कड याच सांध्यावर वर राहते. ग्राउट भरण्याआधी तिथे पट्टी आणि कार्ड लावून बघावं, मिस्त्री तिथेच असताना.