अर्धा हापूस, दुपारी साडेचारला

अक्षय्य तृतीया झाली की आमच्याकडे आमरसाचं पातेलं निघतं आणि मावशीचा चेहरा पडतो. दहा वर्षांचा डायबेटिस, गोळ्या चालू; आंबा म्हणजे विष, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं. पण डायबेटिसमध्ये फळं वर्ज्य नाहीत. किती, कशाबरोबर आणि कुठल्या रूपात, एवढंच बघायचं.

हिशोब पोळीच्या मापानं केला की सोपा जातो. एका पोळीत साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं असतात. मध्यम हापूसची साल आणि कोय काढली की दीडशे ग्रॅम गर उरतो, त्यात 22 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे अख्खा आंबा दीड पोळीचा, अर्धा पोळीपेक्षाही कमी. मग घोटाळा कुठे होतो? पंगतीत. वाटीभर रसात दोन आंबे सहज जातात, वर साखर, सोबत चार पुऱ्या. शिवाय रस चावावा लागत नाही, तो झरकन उतरतो. ज्यूसचंही तेच, त्यात चोथाही गेलेला. मात्र साखर 70च्या खाली घसरून घाम, थरथर सुटली, तर तोच अर्धा ग्लास ज्यूस औषधासारखा उपयोगी पडतो.

मावशीनं आमरस-पुरी जेवून पाहिली: आधी 128, दोन तासांनी 246. चार दिवसांनी दुपारी साडेचारला नुसता अर्धा आंबा, फोडी करून, चार बदामांसोबत: 134 वरून 168. दोन तासांनंतर 180च्या आत राहिलं की ते प्रमाण आपल्याला मानवतं असं धरायला हरकत नाही. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून शेजारणीचा उपयोग नाही.

पेरू, जांभूळ, सफरचंद, संत्रं साखर हळू चढवतात. चिकू, द्राक्षं आणि काळे ठिपके पडलेलं केळं यांच्यापासून जरा जपून; केळं पिकत जातं तसा त्यातल्या पिठाची साखर होत जाते. कलिंगड साखर भरभर चढवतं खरं, पण त्यात पाणीच फार, तेव्हा वाटीभर चालतं. खजुराचं उलट: आकारानं लहान, पण तिघांत एक पोळी. किडनीचा त्रास असेल तर मात्र पोटॅशियमसाठी फळं डॉक्टरांना विचारूनच.

एकदा मावशीचा घाबरून फोन आला, "अगं, 312 दाखवतंय!" आंबा चिरून हात नुसते पदराला पुसले होते. बोटावरचा रसच पट्टीवर उतरला होता. स्पिरिटच्या बोळ्यानंही तो नीट जात नाही. साबणानं हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं: 171.