घरमालकाला गळती कशी कळवावी?

भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर ओल दिसते, रंगाचे पापुद्रे सुटतात. आपण मालकाला मेसेज करतो, ‘काका, लीकेज आहे, बघा जरा.’ ‘बघतो’ असं उत्तर येतं आणि महिना निघून जातो. अशा मेसेजवर मालकाला करता येण्याजोगं काहीच नसतं. कुठलं काम, किती मोठं, कधी यायचं, यातलं काही त्यात नसतं.

म्हणून आधी गळती ओळखावी. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहावी. दोन दिवस ते बाथरूम वापरू नये, पण पाणी चालू ठेवावं. तरीही ओल रेघेबाहेर सरकली, तर भिंतीत दाबाखाली असलेली पाण्याची लाइन गळत असण्याची शक्यता जास्त. वापर थांबल्यावर ओल वाढायची थांबली, तर सांडपाण्याचा पाइप किंवा टाइल्सचे सांधे तपासावे लागतात. सोसायटीच्या सामाईक पाइपमधून गळत असेल, तर तो खर्च सहसा सोसायटीचा. पण सेक्रेटरींना तसं पत्र मालकाने द्यायचं असतं.

मग फोटोसह असा मेसेज पाठवावा:

‘नमस्कार काका. बाथरूमच्या नळाच्या मागच्या भिंतीत पाण्याची लाइन गळते आहे असं वाटतं. बाथरूम बंद ठेवूनही ओल वीतभर वाढली. फोटो पाठवलेत. टाइल्स फोडाव्या लागतील. शनिवारी सकाळी १० ते १ किंवा रविवारी दुपारी ३ नंतर मी घरी आहे. प्लंबर तुम्ही आणणार की मी बोलावू? मी बोलावला तर आधी खर्चाचा अंदाज तुम्हाला कळवीन. कोणती वेळ जमेल, ते गुरुवारपर्यंत सांगाल का?’

दोन वेळा दिल्या की मालकाला नुसती निवड करायची उरते. फोनवर ठरलं तरी ‘शनिवारी १० वाजता, प्लंबर तुमचा’ एवढं लिहून पाठवावंच. पाइप बदलल्यावर त्याच दिवशी टाइल्स बसवू देऊ नयेत. पाणी चालू करून एक दिवस सांधा उघडा ठेवावा, कोरडा राहिला तरच सिमेंट लावावं.

उत्तर आलंच नाही, तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार भाडेकरूने नोटीस देऊन किमान १५ दिवस वाट पाहिल्यावर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. मात्र ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा या अर्थाने भाडेकरू धरला जात नाही. त्याच्यासाठी करारातलं दुरुस्तीचं कलम महत्त्वाचं. ते न वाचता भाडं कापू नका. आधी मालकाची लेखी संमती घ्या.