शॉर्टमधलं किचन, घरातला ओटा

शोरूमच्या अर्ध्या मिनिटाच्या शॉर्टमध्ये टेप एकदा ताणली जाते, शटर अलगद बंद होतं आणि पडद्यावर अक्षरं येतात: वॉटरप्रूफ प्लाय, १० वर्षं वॉरंटी, ३ दिवसांत फिटिंग. फ्लॅटधारकाने यातली एकेक गोष्ट आपल्या ओट्याला लावून पाहावी.

माझ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने ग्रॅनाइटचा ओटा कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर बसवून दिला होता. सिंकशेजारच्या खणाची रुंदी वर ८८३ मिलिमीटर भरली, मध्ये ८८०, तळाशी ८७६. भिंत ओळंब्यात नसली की असंच होतं. कारागिराने सगळ्यात कमी माप धरलं, त्यातूनही ६ मिलिमीटर सोडले आणि पेटी ८७० ची केली. उरलेली फट पट्टीने झाकली. वरच्याच मापावर पेटी बनली असती, तर ती खाली अडकली असती. त्याने खणाचे दोन्ही कर्णही मोजले, कारण ते सारखे नसतील तर खण तिरका असतो आणि शटरची फट एका बाजूला वाढत जाते. हे माप टाइल्स आणि ओटा पक्के झाल्यावरच घ्यायचं.

‘वॉटरप्रूफ’ ऐकलं की प्लायवरचा शिक्का दाखवायला सांगा. आयएस ७१० म्हणजे बीडब्ल्यूपी प्लाय. त्याच्या चिकटपणाची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. एमआर प्लाय दमटपणा सोसतो, साचलेलं पाणी नाही. पेटीला आणि शटरला वेगवेगळं मटेरियल असू शकतं, म्हणून दोन्हींबद्दल स्वतंत्र विचारावं. पण चांगला प्लायही कडेने पाणी पितो. सिंकखाली पाइपसाठी पाडलेलं भोक तिथेच कापतात आणि बहुतेकदा उघडंच सोडतात. त्या कडेला सिलिकॉन भरलं नाही, तर थेंबाथेंबाने लॅमिनेट फुगतं. बोट फिरवलं की कडेला उंचवटा लागतो, तीच पहिली खूण.

१० वर्षांची वॉरंटी नेमकी कशावर आहे, हे कागदावर वाचावं. पेटी, बिजागऱ्या आणि चॅनेल यांच्या मुदती वेगळ्या असू शकतात, आणि नळगळतीने झालेलं नुकसान पुष्कळदा वगळलेलं असतं. म्हणजे ज्या जागेची धास्ती सगळ्यात जास्त, तीच वॉरंटीबाहेर.

३ दिवसही तसेच तपासायचे. ते माल घरी आल्यानंतरचे असतात. त्याआधी माप, ड्रॉइंगला मंजुरी आणि कारखान्यातलं काम असतं. त्यात कित्येक आठवडे जातात. म्हणून करारात दिवस कुठून मोजायचे ते लिहून घ्यावं आणि शेवटचा हप्ता फिटिंग तपासेपर्यंत हातात ठेवावा. बहिणीने पैसे देण्याआधी सिंक काठोकाठ भरलं, बूच काढलं आणि खालच्या जोडाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून धरला. तो एका बाजूने ओला झाला. कारागिराने तिथल्या तिथे वॉशर बदलला.